ब्लर मध्येच सुटतो आणि चेहरा दोन फ्रेम दिसतो: रस्त्यावरच्या फुटेजमधला नेहमीचा त्रास

बाजारात शूट केलं, मागून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे ब्लर केले, टाइमलाइनवर चालवून पाहिलं तर सगळं ठीक वाटलं. पोस्ट झाल्यावर कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं: एका बाईंचा चेहरा लख्ख दिसतोय. परत फाइल उघडावी तर चालू व्हिडिओत काही दिसत नाही. एक-एक फ्रेम पुढे सरकवल्यावर सापडतं. ब्लर कुठेतरी दोन, कुठेतरी चार फ्रेमपुरता सुटलेला असतो. तीस फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. डोळ्याला जाणवतही नाही. पण यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून `,` आणि `.` दाबलं की कुणालाही एकेक फ्रेम मागेपुढे करता येते, त्यामुळे दोन फ्रेम सुटणं आणि पूर्ण चेहरा दाखवणं यात फारसा फरक उरत नाही.

हे वारंवार का होतं ते आधी समजून घेऊ, कारण दिसायला सारख्या असलेल्या या तक्रारीची कारणं तीन-चार वेगवेगळी आहेत. उदाहरण म्हणून ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरची एक क्लिप घेतो. दसऱ्याच्या आधीची गर्दी, झेंडूचे ढीग, वर ताडपत्री. एक फूलवाले मामा फुलांच्या भावाबद्दल बोलतायत, त्यांची परवानगी घेतलेली आहे. मागून गिऱ्हाइकं जातायत. त्यातल्या एका ताईंनी कॅमेरा बघून लांबूनच हात केला, "ओ दादा, आमचा चेहरा नको हां!" आणि शूट करणाऱ्या पोरानं उत्तर दिलं, "नाही येणार ताई." क्लिप 1920×1080, तीस फ्रेम प्रति सेकंद, चाळीस सेकंदांची, म्हणजे बाराशे फ्रेम. मामांचा चेहरा उघडा ठेवायचा, बाकी सगळे झाकायचे.

आधी एक खात्री करून घ्या

मोबाइलचं फुटेज बहुतेक वेळा बदलत्या फ्रेमरेटचं असतं. प्रकाश कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी करतो. चेहऱ्यांच्या जागा एका फाइलवर काढल्या आणि ब्लर दुसऱ्या फाइलवर (प्रॉक्सीवर काढून मूळ फाइलवर, असं नेहमी होतं) लावला, की क्लिपच्या सुरुवातीला ब्लर बरोबर बसतो आणि शेवटाकडे चेहऱ्याच्या मागे मागे पळायला लागतो. तुमचा ब्लर सुरुवातीला ठीक आणि पुढे पुढे जास्तच मागे पडत असेल, तर ट्रॅकिंगला दोष देऊ नका. फाइल सरळ करून घ्या आणि पुढची सगळी कामं याच एका फाइलवर करा:

```
ffmpeg -i shoot.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 16 -c:a copy cfr.mp4
```

कापाकापी, स्टॅबिलायझेशन आणि स्पीड बदलणं हेही याआधीच उरकायचं. ब्लर लावल्यावर शॉट स्थिर केला तर चौकट हलते आणि ब्लर जुन्या जागेवर राहतो.

चेहरा शोधणं आणि त्याच्या मागे राहणं, ही दोन कामं आहेत

बहुतेक तयार साधनं प्रत्येक फ्रेम वेगळी घेतात, त्यात चेहरे शोधतात, सापडले ते ब्लर करतात आणि पुढच्या फ्रेमला सगळं विसरून जातात. `deface` हे फुकट साधन असंच चालतं. चांगलं आहे, मीही झटपट कामाला वापरतो; पण मागच्या फ्रेममध्ये इथे चेहरा होता ही आठवण त्याला नसते. ताईंनी मान वळवून मागच्या स्कूटरकडे पाहिलं, चेहरा बाजूने दिसायला लागला, शोधणाऱ्याला चार फ्रेम तो चेहरा वाटला नाही, की चार फ्रेम ब्लर गायब. तुमचा ब्लर लुकलुकत असेल तर कारण हेच.

यावर लोक पहिला उपाय करतात तो म्हणजे थ्रेशोल्ड खाली आणणं. त्यानं फरक पडतो, आणि तो करावाच. ओपनसीव्हीमधला यूनेट हा चेहरे शोधणारा भाग घेतला तर त्याचा मूळ थ्रेशोल्ड 0.9 आहे. म्हणजे नव्वद टक्के खात्री असल्याशिवाय तो बोलतच नाही. चेहरा ओळखून कुलूप उघडायचं असेल तर हा बाणेदारपणा ठीक. आपल्याला चुकून चार जास्तीच्या गोष्टी झाकल्या गेल्या तर चालणार आहेत, म्हणून मी तो 0.5 वर ठेवतो. मग ठाण्यात हमखास होणारी गंमत अशी की चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवरचे भावी नगरसेवकही रांगेने ब्लर होतात. होऊ द्या.

पण यूनेटची एक खोड थ्रेशोल्डनं जात नाही. त्याच्या शिकवणीमुळे तो साधारण 10 ते 300 पिक्सेल आकाराचे चेहरे पकडतो, आणि हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. परिणाम विचित्र दिसतो: लांब ताडपत्रीखाली उभे असलेले बारीक बारीक चेहरे नीट झाकले जातात, आणि भाव विचारायला कॅमेऱ्याच्या पुढ्यात डोकं घालणारा, चारशे पिक्सेलचा भला मोठा चेहरा सुटतो. फोर-केमध्ये तर हे आणखीच होतं. जवळचे सुटतायत आणि लांबचे पकडले जातायत, असं चित्र दिसलं की हेच समजा. उपाय सोपा आहे. प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवायची, एकदा मूळ आकारात आणि एकदा लहान करून:

```python
det = cv2.FaceDetectorYN.create(
    "face_detection_yunet_2023mar.onnx", "", (w, h), 0.5)

def detect(frame):
    boxes = []
    for s in (1.0, 0.4):
        im = cv2.resize(frame, None, fx=s, fy=s)
        det.setInputSize((im.shape[1], im.shape[0]))
        _, faces = det.detect(im)
        if faces is not None:
            boxes += [f[:4] / s for f in faces]
    return boxes
```

0.4 पटीत चारशेचा चेहरा एकशे साठचा होतो आणि आरामात सापडतो. एकच चेहरा दोन्ही आकारांत सापडला तर त्याच्याभोवती दोन चौकटी येतील. अर्ध्याहून जास्त एकमेकींवर बसणाऱ्या चौकटींची एक करून टाका, पुढे ते लागणार आहे.

लाइव्ह नाही, मग घाई कशाला?

आपलं फुटेज शूट होऊन हातात आलेलं असतं. पुढच्या फ्रेममध्ये काय आहे हे आपल्याला आधीच पाहता येतं. तरीही बहुतेक जण शोधता शोधताच ब्लर लावत जातात, जणू थेट प्रक्षेपण चालू आहे. ही दोन कामं वेगळी केली की निम्मा त्रास संपतो. पहिल्या फेरीत सगळ्या क्लिपमधले चेहरे शोधून फक्त त्यांच्या जागा लिहून ठेवायच्या. मग त्या जागा जोडून प्रत्येक चेहऱ्याचा सलग माग तयार करायचा, मधल्या फटी भरायच्या, आणि सगळ्यात शेवटी ब्लर लावायचा.

आपल्या ताईंचं पाहा. त्या फ्रेम 412 ला डावीकडून चौकटीत येतात. पण अर्धाच चेहरा आत असल्यानं शोधणाऱ्याला त्या 419 ला सापडतात. म्हणजे सुरुवातीच्या सात फ्रेम उघड्या. 468 ते 481 त्या मामांच्या मागे असतात. 503 ते 506 मान वळलेली, चेहरा सापडत नाही. 540 ला त्या बाहेर जातात. नुसत्या शोधण्यावर विसंबलं तर एंट्रीला एक आणि मान वळताना एक, असे दोनदा त्या दिसतात. माग जोडल्यावर मात्र 502 आणि 507 या दोन्ही जागा आपल्याला माहीत असतात, त्यामुळे मधल्या चार फ्रेममध्ये चेहरा कुठे असणार हे सरळ रेषेनं काढता येतं. आणि मागाच्या दोन्ही टोकांना दहा-दहा फ्रेम जास्तीच्या लावल्या की एंट्रीच्या सात फ्रेमही झाकल्या जातात:

```python
def fill(track, pad=10):
    out, k = dict(track), sorted(track)
    for a, b in zip(k, k[1:]):
        for f in range(a + 1, b):
            t = (f - a) / (b - a)
            out[f] = track[a] + (track[b] - track[a]) * t
    for i in range(1, pad + 1):
        out[k[0] - i] = track[k[0]]
        out[k[-1] + i] = track[k[-1]]
    return out
```

इथे `track` म्हणजे फ्रेम क्रमांक आणि त्या फ्रेममधली चौकट. टोकाच्या जास्तीच्या फ्रेममध्ये चौकट जागेवरच राहते आणि माणूस चालत असतो, म्हणून ब्लर लावताना तिथे ती दर फ्रेमला थोडी थोडी मोठी करत न्या. किती फ्रेमपर्यंतची फट एकच माणूस धरायची? मी वीस फ्रेम धरतो, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. छत्रीचा दांडा, हातगाडी, समोरून गेलेला दुसरा माणूस एवढ्या वेळात बाजूला होतो. त्याहून लांब फट असेल तर तो नवा माग समजायचा; दोन्हीकडच्या दहा-दहा फ्रेम असतातच. आणि शॉट कापला असेल तिथे माग तोडायचाच, नाहीतर एका शॉटमधल्या चेहऱ्यावरून दुसऱ्या शॉटमधल्या चेहऱ्याकडे ब्लर तरंगत जातो.

जोडताना एक गोष्ट सांभाळा. मागच्या आणि पुढच्या फ्रेममधल्या चौकटी एकमेकींवर किती बसतात, हा नेहमीचा निकष हातात कॅमेरा धरून चालताना फसतो. लांबचा चेहरा चाळीस पिक्सेलचा, आणि कॅमेरा झटकन वळला की तो एका फ्रेममध्ये पन्नास पिक्सेल सरकतो; चौकटी एकमेकींना शिवतही नाहीत आणि माग तुटतो. त्याऐवजी मागच्या दोन फ्रेमवरून वेग काढा, पुढे चेहरा कुठे असेल याचा अंदाज बांधा, आणि त्या अंदाजापासून चेहऱ्याच्या रुंदीच्या दीडपट अंतरात जो सापडेल तो जोडा.

सगळ्यात वाईट प्रकार: ब्लर माणसं बदलतो

फट ही दोन-चार फ्रेमची भानगड. याहून मोठी भानगड 468 ते 481 मध्ये घडते, जेव्हा ताई मामांच्या मागून जातात. मामांच्या मागाला "उघडा ठेवा" अशी खूण केलेली असते. दोन्ही चेहरे एका जागी आले, वेगळे झाले, आणि जोडणाऱ्यानं मामांची खूण ताईंना चिकटवली. पुढे ताई चौकटीबाहेर जाईपर्यंत, म्हणजे दोन सेकंद, त्यांचा चेहरा उघडा आणि बिचारे मामा ब्लर. ज्यांनी "नको हां" म्हटलं नेमक्या त्याच.

इथे नीट विचार केला तर लक्षात येतं की येणारे-जाणारे आपापसांत बदलले तर काहीच बिघडत नाही. दोघेही झाकलेलेच आहेत. कुणाच्या मागाला कुठला नंबर याचं आपल्याला काय? अदलाबदल घातक ठरते ती फक्त उघड्या ठेवलेल्या चेहऱ्याशी. म्हणून अचूक ट्रॅकिंगची मेहनत गर्दीवर घालवू नये, ती सगळी एका मामांवर घालावी. चाळीस जणांचे माग तपासत बसण्यापेक्षा एक माग हातानं पक्का करणं कितीतरी कमी काम.

मी असं करतो: जो दिसेल तो प्रत्येक चेहरा झाकायचा, हा नियम. मामांचा माग आपोआप घ्यायचा नाही, डाविंची रिझॉल्व्हमध्ये किंवा तुमच्या सवयीच्या एडिटरमध्ये हातानं काढायचा आणि तो "इथे ब्लर नको" असा भाग समजायचा. त्या भागात मध्यबिंदू पडणारा एकच चेहरा असेल तरच तो उघडा. दोन चेहरे त्यात आले तर दोन्ही झाकायचे. आधी दोन आकारांतल्या चौकटींची एक करायला सांगितलं ते याचसाठी. नाहीतर मामा एकटेच असताना दोन मोजले जातील आणि कायम ब्लर राहतील.

यामुळे 468 च्या आसपास काय होतं? ताईंच्या मागाची भरलेली फट सरळ मामांच्या चेहऱ्यावरून जाते, आणि मामा जेमतेम अर्धा सेकंद ब्लर होतात. हे चालू व्हिडिओत लगेच दिसतं, खटकतं, आणि ते दुरुस्त करायला तुम्हाला कुणी स्क्रीनशॉट पाठवावा लागत नाही. त्या चौदा फ्रेम पाहायच्या, ताई पूर्ण मागे लपल्या आहेत अशी खात्री झाली की तिथली त्यांची चौकट काढून टाकायची. गडबड होणारच असेल तर ती जास्त झाकण्याच्या बाजूला व्हावी, एवढ्यासाठी हा सगळा उलटा मांडलेला डाव आहे.

कोड नको असेल तर

रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीतही विंडो ट्रॅकर आहे आणि पाच-सात चेहऱ्यांपर्यंत तो पुरतो. एका चेहऱ्याला एक नोड, त्यात लंबगोल विंडो, आणि ब्लर. लोक चूक करतात ती माणूस चौकटीत येतो तिथून ट्रॅक सुरू करण्याची, कारण तिथेच चेहरा अर्धवट असतो. चेहरा सगळ्यात स्पष्ट असेल त्या फ्रेमवर थांबा, तिथे विंडो बसवा, आणि तिथून पुढेही ट्रॅक करा आणि मागेही.

माणूस छत्रीमागे गेला की ट्रॅकर छत्रीला चिकटतो आणि माणूस पुढे निघून जातो. ब्लर एका जागी रेंगाळतोय आणि चेहरा उघडा चाललाय, असं दिसलं की छत्रीच्या आधीच ट्रॅक थांबवा आणि पुढचा बिघडलेला डेटा पुसून टाका. मग ट्रॅकरमध्ये `Frame` मोड निवडा आणि चेहरा पुन्हा दिसेल तिथे विंडो हातानं सरकवा. मधला प्रवास रिझॉल्व्ह भरून काढतो. `Clip` मोडमध्ये राहून विंडो हलवलीत तर आख्खा ट्रॅक तेवढा सरकतो आणि आधीचा बरोबर बसलेला भागही बिघडतो. "मी इथे दुरुस्त केलं की तिथे बिघडतं" असं ज्यांचं होतं त्यांचं दहापैकी नऊ वेळा हेच असतं.

ब्लर पुरेसा आहे का

चौकट चेहऱ्याला चिकटून नको, चहूबाजूंनी तीस-चाळीस टक्के मोठी हवी, म्हणजे कान आणि केसांची ठेवणही जाते. हलका ब्लर किंवा बारीक चौकोन हे नुसतं दाखवायला. 2016 मध्येच संशोधकांनी दाखवून दिलं होतं की चौकोनी मोझेक केलेले आणि यूट्यूबच्या ब्लरखालचे चेहरेही संगणकाला ओळखायला शिकवता येतात, जर संभाव्य माणसांचे फोटो त्याच्याकडे असतील. हलत्या चेहऱ्यावर बारीक मोझेक तर आणखी कच्चं, कारण प्रत्येक फ्रेममध्ये चौकोनांखाली चेहऱ्याचा वेगळा भाग येतो आणि माहिती गोळा होत जाते. मी चेहऱ्याचा भाग 8×8 पिक्सेलपर्यंत लहान करतो, पुन्हा मोठा करतो आणि वर ब्लर देतो. उरतो तो नुसता रंगाचा ठिपका.

तपासायचं कुठे

बाराशेच्या बाराशे फ्रेम कुणी पाहत नाही, आणि गरजही नाही. चेहरे सुटतात ते सांध्यांवर: माग जिथे सुरू होतो, जिथे संपतो, जिथे फट भरली. मागांची यादी आपल्याकडे आहेच, तर फक्त त्या फ्रेमच्या अलीकडच्या-पलीकडच्या पंधरा फ्रेम काढून एका पानावर मांडा. आपल्या क्लिपमध्ये ताईंसाठी 409 च्या आधीचं एक, मामांमागचं एक, मान वळतानाचं एक आणि बाहेर जातानाचं एक, असे चार तुकडे. एवढं डोळ्यांनी बघायला फार वेळ लागत नाही.

ब्लर झालेल्या व्हिडिओवर पुन्हा तोच शोधणारा चालवून "आता शून्य चेहरे सापडले" म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याला जे पहिल्यांदा दिसलं नाही ते दुसऱ्यांदाही दिसणार नाही. दुसऱ्या फेरीला वेगळा शोधणारा घ्या, म्हणजे मूळ काम यूनेटवर केलं असेल तर तपासणी `deface` वर:

```
deface out.mp4 --thresh 0.1
```

निघालेली फाइल वापरायची नाही, फक्त जिथे तिनं नव्यानं काहीतरी झाकलंय ते बघायचं. झेंडूच्या ढिगाला चेहरा समजलेला असेल तर हसून पुढे जा. पण कधीकधी यात असा चेहरा सापडतो जो कुठल्याच मागात नव्हता: दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब, रिक्षाच्या आरशातला ड्रायव्हर, मास्क खाली ओढून चहा पिणारा कुणी. यांच्यासाठी माग हातानंच काढावा लागतो.

आणि थंबनेल. ते पोस्ट करणारा माणूस बहुतेक वेळा घाईत मूळ `shoot.mp4` मधून काढतो. ते नेहमी ब्लर झालेल्या शेवटच्या फाइलमधूनच काढायला सांगा.